फलकावर कारणही लिहा, आणि छायाचित्रं आपणच द्या
सोहळा समितीला खुलं पत्र

प्रति,
समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

पहाटेच्या विधीला मुख्य प्रवेशद्वारापाशी गेली दोन वर्षं जी स्वयंसेविका उभी असते, ती मी. आपला मनाईचा फलक माझ्या खांद्यामागे असतो. त्यावर सात शब्द आहेत : ‘छायाचित्रण व ड्रोन यांस सक्त मनाई. आदेशावरून.’ आत येणारा प्रत्येकजण आधी फलक वाचतो आणि मग माझ्याकडे बघतो. फलकावर जे लिहिलेलं नाही, ते सगळं मला विचारलं जातं.

परवाच्या बैठकीत असं ठरल्याचं कळलं की यंदाही फलक तोच राहील, फक्त अक्षरं दुप्पट मोठी होतील आणि खाली ‘मोबाइल जप्त केला जाईल’ ही ओळ वाढेल. हा निर्णय मला मान्य नाही. बैठकीत मला बोलता आलं नाही, आणि हा प्रश्न समितीपुरता नाही, येणाऱ्या सगळ्यांचा आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. मनाईला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पहाटेच्या अंधारात, मौनात बसलेलं असताना विधीतलं आवरण दूर होतं, ती वेळ लहान असो की मोठी, त्या वेळात तिथे एकही पडदा उजळू नये, एकही यंत्र भिरभिरू नये, असंच मला वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की कारण न सांगता आणि हातात काही न देता केलेली मनाई टिकत नाही. ती कशी मोडते, हे मी दारात उभं राहून पाहिलं आहे.

गेल्या वर्षी एक वृद्ध गृहस्थ आले होते. पत्नी अंथरुणाला खिळलेली. चाळीस वर्षं दोघं जोडीने येत होते, त्या वर्षी ते पहिल्यांदा एकटे आले. त्यांनी मला विचारलं, “बाई, एकच फोटो. विधीचा नको, निदान जागेचा. तिला दाखवायला.” मी म्हणाले, मनाई आहे. त्यांनी विचारलं, का? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आदेश आहे, एवढंच मी म्हणू शकले. ते काही न बोलता आत गेले. पुढे मंडपाच्या कडेला त्यांनी खिशातून फोन काढला, तेव्हा आपल्याच एका तरुण स्वयंसेवकाने तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. त्या झटापटीचा आवाज मौनात सगळ्यांनी ऐकला. विधी संपल्यावर फोन परत द्यायला मीच गेले. त्यांनी तो घेतला आणि म्हणाले, “मला कुणी समजावून सांगितलं असतं तर मी काढलाच नसता.”

त्याच पहाटे, व्यासपीठाशेजारी निमंत्रितांच्या रांगेतून तीन फोन वर होते. त्यांना कुणी हटकलं नाही. ती चित्रं दुपारपर्यंत सगळीकडे फिरत होती. माझी पहिली तक्रार ही आहे. नियम दारातल्या माणसाला एक आणि पुढच्या रांगेतल्याला एक असेल, तर तो पावित्र्यासाठी आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. लोक समजतील की चित्रांची मक्तेदारी हवी आहे.

दुसरी तक्रार ड्रोनबद्दल, आणि ती जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण त्या दिवशी काय झालं हे समितीतल्या बऱ्याच जणांनी फक्त ऐकलं आहे.

मौन सुरू होऊन तीन-चार मिनिटं झाली असतील. पलीकडच्या उतारावरून ड्रोन उठला आणि गर्दीच्या डोक्यावर येऊन थांबला. शेकडो माना वर गेल्या. ज्या क्षणासाठी माणसं आली होती त्या क्षणी सगळे आकाशाकडे बघत होते. मग आपले सहा स्वयंसेवक ओरडत, हात हलवत ड्रोनच्या खालून धावले. खरं सांगायचं तर विधीचा भंग ड्रोनने जितका केला त्याहून जास्त आपल्या धावपळीने केला. शेवटी कुणीतरी उतारावरच्या त्या मुलाला गाठलं आणि त्याच्या हातातला नियंत्रक हिसकावला.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगते. त्या दिवसानंतर मी ड्रोन चालवणाऱ्या दोघांकडे बसून हे समजून घेतलं. नियंत्रक हिसकावला म्हणून ड्रोन खाली येत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक ड्रोन सूचना मिळेनाशी झाली की आधी जागच्या जागी तरंगत राहतात. नियंत्रकाशी संपर्कच तुटला किंवा बॅटरी संपत आली, तर ते आधी ठरवून दिलेल्या उंचीवर जातात आणि जिथून उडाले होते त्या जागी आपोआप परत येऊन उतरतात. चालवणाऱ्याने ती जागा मोकळी बघून निवडलेली असते. पण आपण त्याला घेरलं होतं. ड्रोन परत आला तेव्हा त्या जागेवर पंधरा-वीस माणसं उभी होती आणि त्यांत दोन लहान मुलं होती. फिरती पाती त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. कुणाला लागलं नाही. ही आपली पुण्याई असेल, पण आपली व्यवस्था नक्कीच नव्हती.

ड्रोन दिसला की वर बघायचं नाही, चालवणारा शोधायचा. तो बहुधा गर्दीच्या कडेला, मोकळ्या आणि जरा उंच जागी उभा असतो, दोन्ही हातांत नियंत्रक, नजर पडद्यावर. त्याच्याजवळ एकाच माणसाने जायचं, हाताला हात न लावता शांतपणे सांगायचं : “इथे उडवायला परवानगी नाही. कृपया गर्दीपासून लांब, त्या मोकळ्या जागेत उतरवा. घाई नको.” आणि तो उतरवेपर्यंत ती जागा मोकळी ठेवायची. साध्या ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास चालते, काहींची त्याहून कमी. म्हणजे सगळ्यात वाईट स्थितीतही तो फार वेळ वर राहणार नाही. त्यावर दगड मारणं, किंवा समितीत एकाने सुचवल्याप्रमाणे संदेश रोखणारं यंत्र आणणं, हे दोन्ही करू नये. तसली यंत्रं खासगी व्यक्तीने वापरणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि ड्रोनचा ताबा सुटला तर तो पडणार आपल्याच माणसांवर.

पडला तर काय होईल, याचा हिशोब साधा आहे. तीस मीटरवरून सुटलेली कुठलीही वस्तू, हवेचा विरोध सोडून दिला तर, जमिनीशी येईपर्यंत ताशी सुमारे ८७ किलोमीटर वेग घेते. हवेमुळे तो थोडा कमी होईल. पाऊण-एक किलोचं यंत्र त्या वेगाने मान वर करून बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर येणं कसं असेल, हे मी लिहायची गरज नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जपानमधल्या ओगाकी शहरात एका कार्यक्रमात मुलांसाठी मिठाई उधळणारा ड्रोन गर्दीत कोसळला आणि सहा जण जखमी झाले. तो कुणी चोरून उडवलेला नव्हता, कार्यक्रमाचाच भाग होता. युरोपीय संघाच्या नियमांत, ज्या ड्रोनना वेगळी परवानगी लागत नाही अशा साध्या वर्गातले ड्रोन माणसांच्या जमावावरून उडवायला मनाई आहे. ड्रोन कितीही हलका असला तरी.

मनाईचं पहिलं कारण हे, सुरक्षेचं. फलकावर त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

दुसरं कारण आवाजाचं. मौन म्हणजे काय, हे मौनात बसल्याशिवाय कळत नाही. एक मीटरवर ७५ डेसिबल आवाज करणारं यंत्र मोकळ्या जागेत तीस मीटर दूर गेलं की साधारण ४५ डेसिबलवर येतं. दिवसा रस्त्यावर तो आवाज ऐकूही येणार नाही. पण पहाटेच्या शांततेत, शेकडो माणसं श्वाससुद्धा जपून घेत असताना, त्याची ती वरखाली होणारी बारीक घरघर कानातून जात नाही. ड्रोन उडवणाऱ्या माणसाला हे कळत नसतं, कारण तो लांब उभा असतो आणि त्याचं लक्ष पडद्यावर असतं. त्याला हे कुणी आधी सांगितलं तर त्यातले बरेच जण ऐकतील. मी ज्या दोघांशी बोलले ते दोघंही म्हणाले की खाली मौन चाललेलं असतं याची कल्पनाच नव्हती.

तिसरं कारण उजेडाचं, आणि ते फोनला लागू आहे. आपला विधी अंधारातून उजेडाकडे जातो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणूनच आपण लोकांना वेळेच्या अर्धा तास आधी आत घेतो. हेही आपण कुणाला सांगत नाही, लोकांना वाटतं उगाच ताटकळत ठेवलं. एवढ्या वेळात मिळवलेली ती नजर शेजारच्याच्या फोनचा पडदा एकदा उजळला की क्षणात जाते. आवरण दूर होतं तेव्हा समोरचं जे अगदी मंद, जेमतेम दिसायला हवं, ते त्याच्या मागच्या चार रांगांना दिसतच नाही. फ्लॅश बंद असला तरी पडदा उजळतोच. वर केलेला हात मागच्याची नजर अडवतोच. एकाने काढलेल्या चित्राची किंमत मागच्या माणसांनी भरलेली असते.

चौथं कारण माझ्या मते सगळ्यात मोठं. विधीत बसणाऱ्यांमध्ये दर वर्षी अशी माणसं असतात ज्यांचं कुणीतरी नुकतंच गेलेलं असतं. ती रडतात. काही जण कोसळून बसतात. मीही एका वर्षी तशीच बसले होते. पुढच्या आठवड्यात कुणीतरी मला माझाच चेहरा फोनवर दाखवला, डोळे मिटलेला, ओला, खाली अनोळखी लोकांच्या प्रतिक्रिया. काढणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने त्याला ‘श्रद्धा’ असं नावही दिलं होतं. पण ते अश्रू मी तिथे, त्या माणसांत, त्या अंधारात सोडले होते. ते मी कुणाला दिले नव्हते. मी स्वयंसेविका झाले ती त्यानंतर, आणि आज हे पत्र लिहिते आहे तेही त्यामुळेच.

आता कुणी म्हणेल, पवित्र गोष्टींची कारणं सांगायची नसतात. मला हे पटत नाही, आणि जगात ज्यांनी आपली गुप्तता सगळ्यात कसोशीने जपली आहे त्यांचं उदाहरणही वेगळंच सांगतं.

जपानमधल्या नागानोच्या झेन्कोजी मंदिरातली मूळ मूर्ती कुणालाच दाखवली जात नाही. पण त्यांनी लोकांना रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. मूळ मूर्तीची एक प्रतिमूर्ती आहे, आणि ‘गोकाइचो’ नावाच्या सोहळ्यात, दर सहा वर्षांनी, ती लोकांच्या दर्शनासाठी बाहेर ठेवतात. एक झाकलेलं, एक उघडं. जे झाकायचं ते पूर्ण झाकलं म्हणून जे द्यायचं ते मोकळ्या मनाने देता आलं. ९ मे २०१५ रोजी याच सोहळ्यात, आवारात गर्दी असताना, एक ड्रोन खाली कोसळला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्याच वर्षी जपानने आपला हवाई वाहतूक कायदा बदलून दाट वस्तीवर आणि गर्दीच्या कार्यक्रमांवर ड्रोन उडवण्यावर बंधनं आणली. म्हणजे आपल्यावर आलेली वेळ आपल्याआधी इतरांवर येऊन गेली आहे.

दुसरं उदाहरण ब्रिटनच्या राज्याभिषेकाचं. २ जून १९५३ ला तो सोहळा दूरचित्रवाणीवरून थेट दाखवला गेला. पण अभिषेकाच्या तेलाचा क्षण दाखवला नाही. राणीवर छत्र धरलं गेलं आणि कॅमेऱ्यांनी नजर वळवली. ६ मे २०२३ ला, जेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता, तेव्हाही तो क्षण भरतकाम केलेल्या पडद्यांआडच झाला. बाकी सगळं जगाने पाहिलं. एक क्षण राखून ठेवला आणि उरलेला सोहळा दिला, म्हणून राखलेल्या क्षणाबद्दल कुणी कुरकुर केली नाही. उलट तो क्षण तेवढाच वेगळा आहे हे सगळ्यांना कळलं.

आणि कारण कसं सांगावं, याचा उत्तम नमुना ऑस्ट्रेलियातल्या उलुरूचा. त्या विशाल खडकाच्या पायथ्याशी काही जागांची छायाचित्रं काढू नका असं तिथे सांगितलेलं असतं. सोबत कारणही दिलेलं असतं : तिथल्या आनांगू लोकांसाठी त्या जागेचे दगड, भेगा, आकार हे धर्मग्रंथासारखेच आहेत, आणि ते फक्त त्यांच्या मूळ जागी, ठराविक माणसांनीच पाहायचे असतात. परका माणूस हे वाचतो तेव्हा त्याला ती श्रद्धा मान्य करावी लागत नाही, फक्त समजते. बहुतेकांना तेवढं पुरतं.

आपल्या सात शब्दांत समजण्यासारखं काही नाही. म्हणून मी एक मसुदा केला आहे. शब्द समितीने हवे तसे बदलावेत, पण क्रम बदलू नये अशी विनंती आहे : आधी स्वागत, मग विनंती, मग कारणं, मग आपण काय देणार ते. ‘सक्त’, ‘जप्त’, ‘आदेशावरून’ हे शब्द मी जाणूनबुजून वगळले आहेत.

‘आपलं स्वागत आहे.

विधी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कृपया छायाचित्रं काढू नयेत, चित्रीकरण वा ध्वनिमुद्रण करू नये आणि ड्रोन उडवू नये. हा नियम निमंत्रित, समिती सदस्य आणि स्वयंसेवक यांनाही लागू आहे.

कारण असं : आपण अंधारात बसणार आहोत, आणि एका पडद्याच्या उजेडाने मागच्यांची सरावलेली नजर जाते. आपण मौनात बसणार आहोत, आणि ड्रोनचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचतो. ड्रोन गर्दीवर पडला तर गंभीर इजा होऊ शकते. आणि इथे काही जण आपलं दुःख घेऊन येतात. त्यांचे चेहरे त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ नयेत, ही आपली सर्वांची जबाबदारी आहे.

आपल्यासाठी विधीची छायाचित्रं समिती स्वतः काढत आहे. ती आज संध्याकाळपासून सर्वांना विनामूल्य मिळतील. आवरण दूर होण्याचा क्षण मात्र आम्हीही टिपत नाही.

विधीनंतर एक तास जागेची आणि आपल्या माणसांची छायाचित्रं आपण खुशाल काढावीत. काही शंका असल्यास दारातल्या स्वयंसेवकांना विचारा.’

एवढं लांब कोण वाचणार, असं बैठकीत म्हटलं जाईल. अर्धा तास आधी आत आलेली, फोन खिशात ठेवून बसलेली माणसं वाचतील. शिवाय हा मजकूर फक्त दारात लावायचा नाही. तो निमंत्रणासोबत आणि आपल्या प्रत्येक जाहीर सूचनेसोबत जायला हवा. जो माणूस रात्रभर प्रवास करून, बॅटऱ्या भरून, ड्रोन पाठीवर घेऊन दारात उभा आहे, त्याला तिथे ‘नाही’ म्हणणं फार उशिराचं असतं. त्याला हे घरी असतानाच कळायला हवं.

आता पर्यायाबद्दल. या भागात कसूर झाली तर बाकी सगळं फोल आहे. समितीने तीन वर्षांपूर्वी ‘अधिकृत छायाचित्रं लवकरच’ असं जाहीर केलं होतं. ती दोन महिन्यांनी आली, अकरा चित्रं, त्यांतल्या नऊंत समितीचे पदाधिकारी होते, आणि प्रत्येकावर मधोमध समितीचं बोधचिन्ह. असा पर्याय दिला तर लोक स्वतःचे फोन बाहेर काढणारच, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

चांगला पर्याय फार खर्चाचा नाही. दोन छायाचित्रकार पुरेत. दोघांच्या जागा आदल्या दिवशी ठरवून जमिनीवर खुणा करायच्या, म्हणजे विधी चालू असताना कुणी हिंडणार नाही. एक मागच्या उंचवट्यावर, संपूर्ण सोहळा दिसेल असा. दुसरा बाजूला, लांब पल्ल्याचं भिंग घेऊन. फ्लॅश नाही, शटरचा आवाज बंद, कॅमेऱ्याचा मागचा पडदा झाकलेला, लाल दिव्यावर पट्टी. अंधार आहे, त्यामुळे चित्रं थोडी दाणेदार येतील. येऊ द्यावीत. ती त्या पहाटेसारखीच दिसतील. मौन सुरू झालं की दोघांनीही कॅमेरे खाली ठेवायचे आणि ते खाली ठेवल्याचं सगळ्यांना दिसायला हवं. माझ्या मते हेच दृश्य फलकापेक्षा जास्त बोलेल.

विधीनंतर समितीतल्या दोघांनी आणि विधीत बसलेल्यांपैकी दोघांनी मिळून चित्रं निवडावीत. ज्या चित्रात कुणाचा चेहरा जवळून ओळखू येतो ते त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय जाऊ नये. निवडलेली चाळीस-पन्नास चित्रं त्याच संध्याकाळी द्यावीत, मोठ्या आकारात, चिन्हाविना, कुणीही घरी छापून लावावीत अशी. उशीर झाला तर पोकळी इतर चित्रांनी भरते, म्हणून संध्याकाळ म्हणजे संध्याकाळच. आणि नंतर कुणी कळवलं की माझं चित्र काढून टाका, तर कारण न विचारता काढून टाकावं.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी एक वेगळी सोय मागते आहे. आदल्या दिवशी, जागा सजली पण विधी सुरू झालेला नाही अशा वेळी, समितीने जागेची आणि तयारीची दहा-बारा मिनिटांची ध्वनिचित्रफीत काढावी. वरून दिसणारं दृश्य हवं असेल तर तेही तेव्हाच, आवार रिकामं असताना, परवानगी घेऊन टिपावं. विधीच्या वेळी मात्र समितीचाही ड्रोन नको. ओगाकीचा ड्रोन आयोजकांचाच होता.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सात शब्दांचा फलक उतरवून कारणांसह नवा लावावा, आणि ‘जप्त’ ही ओळ कुठेही लिहू नये. नियम न पाळणाऱ्याला आत न घेण्याचा किंवा बाहेर जाण्याची विनंती करण्याचा अधिकार समितीला आहे. दुसऱ्याच्या हातातली वस्तू हिसकावण्याचा नाही.

नियम पहिल्या रांगेपासून लागू करावा. अध्यक्षांनी स्वतःचा फोन सर्वांसमोर बंद करून ठेवला तर माझं दारातलं निम्मं काम संपेल.

फोन दारात जमा करून घेण्याचा जो विचार चालू आहे तो सोडावा. हजारभर फोन घेणं आणि अंधारात योग्य माणसाला परत देणं आपल्याला जमणार नाही. शिवाय काहींच्या रक्तातली साखर मोजणारं यंत्र किंवा श्रवणयंत्र फोनला जोडलेलं असतं. त्यांचा फोन काढून घेणं धोक्याचं आहे. त्याऐवजी दारात प्रत्येक फोनच्या पुढच्या-मागच्या भिंगावर सहज निघणारी छोटी गोल चिकटपट्टी लावावी. ती काढून चित्र घेता येईल हे मला माहीत आहे. पण पट्टी काढण्यासाठी थांबावं लागतं, आणि त्या क्षणभरात बहुतेकांचा हात मागे येतो.

ड्रोनसाठी फलकावर भिस्त ठेवू नये. आपल्या आवारातून उडवायला आणि उतरवायला आपण मनाई करू शकतो, पण वरच्या आकाशावर आपला हुकूम चालत नाही. ते बहुतेक ठिकाणी हवाई वाहतूक नियामकांच्या अखत्यारीत असतं. म्हणून विधीच्या वेळेपुरत्या निर्बंधासाठी त्यांच्याकडे आणि पोलिसांकडे आत्ताच लेखी अर्ज करावा. त्या अर्जांना वेळ लागतो. आणि उतारावर, जिथून गेल्या वर्षी तो उडाला होता, तिथे दोन समजूतदार स्वयंसेवक विधीच्या तासभर आधीपासून उभे ठेवावेत.

स्वयंसेवकांची एक बैठक घ्यावी. काय बोलायचं, आवाज किती ठेवायचा, कुणाला हात लावायचा नाही, ड्रोन दिसला तर कोण जाईल आणि बाकीचे जागेवरच कसे राहतील, हे सगळं आधी ठरायला हवं. गेल्या वर्षीच्या त्या तरुण स्वयंसेवकाला मी दोष देत नाही. त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

आणि एक शेवटचं. ते वृद्ध गृहस्थ कोण, हे समितीला नोंदवहीतून कळेल. त्यांची जाहीर नको, पण घरी जाऊन माफी मागावी. सोबत जागेची दोन-तीन चांगली छायाचित्रं न्यावीत. मी बरोबर यायला तयार आहे.

पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. या पत्राचं उत्तर मला तिथे, सर्वांसमोर मिळावं. मसुद्याची स्वच्छ प्रत मी कार्यालयात ठेवली आहे. फलक रंगवणाऱ्याला काम द्यायला अजून वेळ आहे.

आपली,
मुख्य प्रवेशद्वारावरची स्वयंसेविका